ही ओळख आहे की नोटीस?

*ताई, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि या सेमिस्टरला मला फर्स्ट इयरच्या स्टॅटिस्टिक्सला टीए केलंय. वर्गात 240 मुलं, आम्ही तिघं टीए, प्रत्येकाच्या ट्युटोरियलला 80. सर म्हणाले पहिल्या लेक्चरची पहिली पाच मिनिटं तुझी, तिघांच्या वतीने ओळख करून दे आणि काय अपेक्षा आहेत ते सांगून टाक. मी लिहून काढलं: "उशिरा सबमिशन स्वीकारलं जाणार नाही. मेलला लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नये. मार्कांवरून वाद घालू नये. कॉपी आढळल्यास शून्य." रूममेटने वाचलं आणि म्हणाली, ही ओळख आहे की नोटीस? मग गोड करायला गेले तर इतकं मऊ झालं की आता ही मुलं माझ्या डोक्यावर बसणार असं वाटतंय. मी त्यांच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी आहे. कसं बोलू?*

*पहिल्यांदाच टीए झालेली*

अगं, चारही नियम बरोबर आहेत, एकही काढू नकोस. गडबड क्रियापदांत आहे. स्वीकारलं जाणार नाही, ठेवू नये, घालू नये, आढळल्यास... यात माणूसच नाही कुठे, कोण स्वीकारणार नाही, कोणी ठेवू नये, काही पत्ता नाही, म्हणून रूममेटला नोटीस वाटली, आणि ती नोटीसच आहे. तेच तू "मी" आणि "तुम्ही" घालून बोललीस तर अर्धा कडकपणा तिथेच उतरतो, नियम तसाच राहतो.

आणि गोड करताना तू काय केलं असशील ते पण मला माहितीये, कारण मीही तेच केलं होतं. "शक्यतो", "जमलं तर", "प्लीज" हे तीन शब्द सगळीकडे पेरायचे. शक्यतो वेळेवर द्या म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की वेळेवर नाही दिलं तरी चालतंय. त्यात प्रेमळपणा काही नसतो, फक्त नियम धूसर होतो, आणि धूसर नियमाचा त्रास नेमका साध्या मुलांना होतो, कारण धीट मुलं विचारून सवलत घेऊन जातात आणि लाजरी मुलं नियम खरा मानून रात्रभर जागतात.

माझा किस्सा सांगते. पहिल्या वर्षी मी स्टेजवर जाऊन मोठ्या उत्साहात म्हटलं होतं, "मला केव्हाही मेल करा, काहीही विचारा, मी आहे!" टाळ्या पण पडल्या. पहिल्या असाइनमेंटच्या आदल्या रात्री मला साठेक मेल आले, निम्मे रात्री दहानंतर. मी दोन वाजेपर्यंत उत्तरं देत बसले. सुरुवातीच्या मेलांना नीट चार-पाच ओळी, हिंटसकट, बाराच्या पुढे "नोट्स बघ" एवढंच, आणि शेवटच्या वीसेक मेलांना काहीच नाही कारण मी झोपले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅम, त्याला तुम्ही तिसऱ्या प्रश्नाची हिंट दिलीत, मला नाही दिली." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुष्टपणा काहीच केला नव्हता, पण ज्याने आधी मेल केला त्याला जास्त मार्क मिळतील अशी सोय करून ठेवली होती. तेव्हापासून मी मेलचे नियम पहिल्याच दिवशी सांगते, आणि कारण देताना माझी झोप नाही सांगत, ती हिंटची गोष्ट सांगते.

तर तुझ्या पाच मिनिटांची किल्ली मला तरी एवढीच वाटते, की प्रत्येक नियमाला त्याचं कारण चिकटलेलं असावं आणि अडकलं तर कुठे जायचं ते लगेच पुढच्या वाक्यात यावं. नुसता नियम सांगितला की धमकी वाटते, आणि नुसतं "मी आहे ना" म्हटलं तर माझी ती दोन वाजेपर्यंतची रात्र होते.

आता बोलायच्या आधीचं एक काम, ते चुकवू नकोस. सरांकडे पंधरा मिनिटं माग आणि बाकीच्या दोघा टीएंना घेऊन जा. विचारायचं एवढंच: मुदतवाढ कोण देणार, उशिराच्या सबमिशनचे मार्क कसे कापायचे, पेपर पुन्हा तपासायची पद्धत काय, आणि असाइनमेंट एकमेकांशी बोलून करायची कितपत मुभा आहे. तू "एक दिवस उशीर चालेल" म्हणालीस आणि सरांनी "अजिबात नाही" म्हटलं तर 240 मुलांसमोर तुझा शब्द पहिल्याच आठवड्यात पडतो. तिघा टीएंचं तर त्याहून वाईट, एकीने सोमवारपर्यंत चालेल म्हटलं आणि दुसऱ्याने नाही म्हटलं की मुलं बरोब्बर हो म्हणणाऱ्याकडे जातात, आणि का जाऊ नयेत. पेपर कोण काय तपासणार तेही त्याच मीटिंगमध्ये ठरवा. माझं मत असं की 80-80 वाटून घेण्यापेक्षा प्रश्न वाटून घ्या. प्रश्न 1 सगळ्या 240 पेपरांत तू एकटीने तपासायचास, प्रश्न 2 दुसऱ्याने. हात सैल असो की घट्ट, सगळ्यांना सारखा लागतो, आणि "तुमच्या ग्रुपच्या टीए मार्क देतात, आमच्या देत नाहीत" ही सेमिस्टरभराची कुरकुर मुळातच उगवत नाही.

थोडा हिशोब पण करून बघ, कागदावर. तू स्टेजवर उभी राहिलीस की मुलांना तुझंच नाव लक्षात राहणार, बाकीच्या दोघांचं नाही. म्हणजे मेल तुला येणार, आणि 80 नाही तर 240 जणांचे. प्रत्येकाने एका आठवड्यात एकच मेल केला आणि वाचून उत्तर द्यायला तीन मिनिटं धरली तर 720 मिनिटं झाली, म्हणजे बारा तास. हा आकडा वर्गात सांग, खरंच सांग. मुलांना आपण एकच मेल केलाय एवढंच दिसत असतं, बाकीचे 239 त्यांना दिसत नाहीत, आणि आकडा ऐकला की हसतात आणि पटतं पण. रागावून "मला मेल करत बसू नका" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

आता बोलण्याचा मसुदा. मी तुझ्या जागी असते तर असं काहीतरी बोलले असते, तू तुझ्या बोलीत फिरव, पाठ करून म्हणू नकोस:

"नमस्कार. मागच्या रांगेत आवाज पोचतोय त्यांनी हात वर करा. छान. मी या कोर्सची टीए आहे, माझं नाव आणि मेल फळ्यावर लिहिलंय. मला नावाने हाक मारली तरी चालेल, मॅम म्हटलंत तरी चालेल, जे तोंडात बसेल ते. आम्ही तिघं आहोत, हे दोघं इकडे बसलेत, हात वर करा रे. लेक्चर सर घेणार, ट्युटोरियल आम्ही घेणार, पेपर आणि असाइनमेंट आम्ही तपासणार. मुदतवाढ द्यायचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नाही, तो फक्त सरांना आहे, त्यामुळे मला हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. काही अडचण आली, आजारी पडलात, घरी काही झालं, तर डेडलाइनच्या आधी सरांना दोन ओळींचा मेल टाका. आधी सांगितलं तर मार्ग निघायची शक्यता असते, नंतर सांगितलं तर सरांचेही हात बांधलेले असतात.

"मेलचं सांगते. तुम्ही 240 जण आहात. प्रत्येकाने आठवड्याला एक मेल केला तर मला फक्त उत्तरं द्यायला बारा तास लागतील, मग पेपर तपासणार कोण. म्हणून मेल आपापल्या ट्युटोरियलच्या टीएला करा. सोमवार ते शुक्रवार चोवीस तासांत उत्तर येईल, शनिवार-रविवारचं सोमवारी. आणि डेडलाइनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर प्रश्नांबद्दलच्या मेलना आम्ही उत्तर देत नाही, तिघंही देत नाही, कारण रात्री अकराला एकाला हिंट मिळाली आणि दुसरा तोपर्यंत झोपलेला असेल तर ते बरोबर नाही. त्याच्या आधी कितीही विचारा.

"ऑफिस अवर्स हा शब्द तुमच्या वेळापत्रकात दिसेल. त्याचा अर्थ मी ऑफिसात कामात आहे, त्रास देऊ नका, असा नाही. उलट आहे. त्या दोन तासांत माझं दुसरं काहीही काम नसतं, मी तुमच्यासाठी बसलेली असते. अपॉइंटमेंट लागत नाही. प्रश्न नीट तयार नसला तरी या, 'तिसऱ्या लेक्चरनंतर मला काहीच कळलेलं नाही' हा पण प्रश्न आहे, वही उघडून दाखवा म्हणजे कुठे सुटलं ते आपण शोधू.

"मार्कांबद्दल. आमच्याकडून चुका होतात, 240 पेपर आहेत, होणारच. बेरीज चुकली असेल तर लगेच येऊन दाखवा, तिथल्या तिथे दुरुस्त करू. उत्तर बरोबर असून मार्क कमी पडले असं वाटलं तर एक दिवस थांबा, दिलेली उत्तरं शेजारी ठेवून आपला पेपर वाचा, आणि सात दिवसांच्या आत दोन ओळींत लिहून द्या की कुठली पायरी बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं. तो पूर्ण प्रश्न ज्याने तपासला तोच पुन्हा तपासेल. पूर्ण प्रश्न, म्हणजे मार्क वाढू शकतात आणि कमी पण होऊ शकतात.

"शेवटचं, असाइनमेंट एकत्र बसून करायची का. बोला, फळ्यावर मांडा, भांडा, सगळं करा. मग फळा पुसा, रिकाम्या हाताने आपापल्या खोलीवर जा आणि एकट्याने लिहा. ज्यांच्याशी बोललात त्यांची नावं वर लिहा, त्याचे मार्क कापत नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं समोर ठेवून लिहिलं की ती कॉपी, आणि तिथे मी ते प्रकरण सरांकडे देते, माझ्या हातात काही राहत नाही. मधलं काही असेल आणि कळत नसेल, तर सबमिट करायच्या आधी विचारा, आधी विचारलं म्हणून आजवर कोणी अडचणीत आलेलं नाही.

"हे सगळं कोर्सच्या पानावर लिहून ठेवलंय, पाठ करायची गरज नाही. प्रश्न?"

एवढंच. घड्याळ लावून एकदा मोठ्याने म्हणून बघ, थांबत थांबत म्हटलंस तर साधारण चार-पाच मिनिटं होतील. सहावर गेलं तर बेरजेचं वाक्य गाळ, ऑफिस अवर्सचं मात्र गाळू नकोस.

ऑफिस अवर्सवर मी एवढा जोर का देतेय, तर शाळेतून नुकतं आलेल्या मुलाला तो शब्द खरंच कळत नाही. ऑफिसची वेळ म्हणजे मॅडम कामात, दार बंद, जायचं नाही, असं बरीच मुलं समजतात, आणि मुलं येत नाहीत म्हणून टीए समजते की सगळ्यांना सगळं कळतंय. दोघंही चुकतात आणि पहिल्या परीक्षेला कळतं. आणखी एक, मदत मागणं म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करणं, असं या वयात फार वाटतं. 1995 साली पेरीन, लाइल आणि टकर या तिघांनी विद्यार्थ्यांना एक अभ्यासक्रमाचा कागद वाचायला दिला होता, काहींच्या कागदात अडचण आली तर येऊन भेटा असं एक स्पष्ट वाक्य होतं, काहींच्या नव्हतं. ज्यांच्या कागदात ते वाक्य होतं ते शिक्षकाकडे मदतीला जायला जास्त तयार होते. फरक एवढाच, एक वाक्य. तर तू ते वाक्य तोंडाने पण म्हण आणि कोर्सच्या पानावर पण लिही, कारण पहिल्या आठवड्यात बरीच मुलं वर्गातच नसतात, कोणी विषय बदलून नंतर येतं, कोणाचं ॲडमिशन उशिरा होतं, आणि ज्याने तुझी ओळख ऐकलीच नाही त्याच्यावर तोच नियम महिनाभराने आदळतो.

"काहीही विचारा, मूर्ख प्रश्न असा काही नसतो" हे वाक्य मात्र टाळ. सगळेच म्हणतात, आणि मुलांच्या कानात फक्त मूर्ख हा शब्द राहतो. त्याऐवजी खरा नमुना दे, मी वर दिलाय तसा, "तिसऱ्या लेक्चरनंतर मला काहीच कळलेलं नाही". असा एक प्रश्न तुझ्या तोंडून आला की तसा प्रश्न असलेल्याला परवानगी मिळते. आणि पुढे शिकवताना पण "हे तर सोपंच आहे", "हे तुम्हाला येतच असेल" असलं काही तोंडातून जाऊ देऊ नकोस. ज्याला येत नाही तो त्या क्षणापासून गप्प बसतो, आणि 240 च्या वर्गात गप्प बसलेलं मूल तुला दिसत नाही.

मार्कांबद्दल "वाद घालू नये" असं तू लिहिलंयस, ते भीतीतून आलंय असं मला वाटतं. रांगेत उभं राहून एकेक मार्कासाठी घासाघीस करणारी पाच-दहा मुलं तुझ्या डोळ्यासमोर असणार. ती येतात, खोटं कशाला बोलू. पण ती थांबतात कशाने, तर लिहून द्यायला लागण्याने. तोंडाने "मॅम, बघा ना" म्हणायला काही लागत नाही, पण पेनाने "दुसऱ्या पायरीत मी सरासरी बरोबर काढली आहे, पुढची चूक फक्त वजाबाकीची आहे" असं लिहायला स्वतःचा पेपर वाचावा लागतो, आणि वाचता वाचता बऱ्याच जणांना आपली चूक आपणच सापडते. आणि खरंच तुमची चूक असते तेव्हा ते कागदावर लख्ख दिसतं, दोन मिनिटांत मार्क वाढतात. माझ्याकडे एका मुलाचा असाच कागद आला होता, त्याने वेगळ्या सूत्राने गणित सोडवलेलं, उत्तर बरोबर, मी नमुना उत्तराशी ताडून दहापैकी चार दिलेले. त्याने दोन ओळींत लिहिलं की दोन्ही सूत्रं एकच आहेत आणि खाली सिद्ध करून दाखवलं. दहा दिले, आणि तीच पद्धत वापरलेले आणखी सात पेपर काढून त्यांचेही वाढवले, त्या सातांतल्या एकानेही मागितलं नव्हतं. "वाद घालू नये" म्हटलं असतं तर ते आठही पेपर चारवर राहिले असते. मार्क कमी होऊ शकतात हे पण आधीच सांगितलेलं असू दे, नंतर सांगितलं की सूड वाटतो.

कॉपीचं वाक्य तू शून्याने संपवलंयस. पहिल्या वर्षातल्या मुलांचं कसं असतं, शाळेत गृहपाठ मैत्रिणीच्या वहीतून उतरवणं ही रोजची गोष्ट होती, कोणी गुन्हा म्हणून बघितलं नाही. इथे तेच अचानक गुन्हा होतं, आणि रेघ कुठे आहे ते कोणी दाखवत नाही, म्हणून मी फळा पुसण्याची खूण वापरते. मुलांना ती डोळ्यासमोर दिसते, "अनुचित साहाय्य" असलं काही दिसत नाही. आणि ओळखायला पण सोपं पडतं. चर्चा करून वेगवेगळं लिहिलेल्या दोन उत्तरांत पायऱ्या सारख्या असतात पण चुका वेगळ्या असतात. उतरवलेल्यात चूक पण तीच असते, त्याच ओळीत, कधी कधी तर खोडलेला आकडा पण तोच. अशा वेळी तू स्वतः निवाडा करत बसू नकोस, दोन्ही पेपर सरांकडे ने, आणि हे आधीच सांगितलंयस म्हणून कोणाला धक्का बसणार नाही.

आता डोक्यावर बसण्याची भीती आणि पाच वर्षांचं अंतर. वयाचा उल्लेखच करू नकोस, "मी पण तुमच्यातलीच आहे" वगैरे तर मुळीच नाही, कारण डिसेंबरात त्यांचा पेपर तू तपासणारेस, तेव्हा तू त्यांच्यातली नसतेस आणि मग त्यांना फसवल्यासारखं वाटतं. "मी पण पहिल्यांदाच टीए आहे, सांभाळून घ्या" हे पण नको. त्याने कोणाला आपुलकी वाटत नाही, मागच्या रांगेला फक्त एवढं कळतं की हिचे मार्क वाकवता येतील. मुलं डोक्यावर बसतात ती तू हसलीस म्हणून नाही, सांगितलेला नियम तिसऱ्या आठवड्यात एकासाठी मोडलास म्हणून. पहिला जो येईल ना "मॅम, फक्त दहा मिनिटं उशीर झाला", त्याची गोष्ट खरी असेल, तोंड पडलेलं असेल, आणि तुझं मन विरघळेल. तिथे "मला खरंच वाईट वाटतंय, पण हे माझ्या हातात नाही, सरांना आत्ता मेल टाक, मी थांबते" एवढंच. सोबत उभं राहायचं, नियम हलवायचा नाही.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. माईक असेल तर घे, "माझा आवाज मोठा आहे, माईक नको" म्हणणारे लोक मागच्या चार रांगा पहिल्या मिनिटाला गमावतात. आणि "ऐकू येतंय ना?" असं विचारू नकोस, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तो प्रश्नही ऐकू येत नाही, म्हणून हात वर करायला सांगायचं.

दुसरं म्हणजे "प्रश्न?" म्हटल्यावर थांब. मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग अभ्यासलं, तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते आणि मग स्वतःच बोलायला लागत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब यायला लागली आणि जास्त मुलं बोलायला लागली. 240 च्या हॉलमध्ये तीन पण कमीच, मी मनात दहापर्यंत मोजते, सातपर्यंत ते भयंकर वाटतं, आठ-नऊला कुठूनतरी एक हात वर येतो. पहिला प्रश्न माईकमध्ये पुन्हा म्हणून मग उत्तर दे, पुढच्या रांगेतल्याने विचारलेलं मागे पोचत नसतं.

जमलंय की नाही हे त्या दिवशी कळणार नाही, टाळ्यांवर जाऊ नकोस, मला पण पडल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात कळतं. एकच प्रश्न दहा जणांच्या मेलमध्ये आला तर ते दहा जण आळशी नाहीत, ते तू सांगताना सुटलंय, दहा वेगळी उत्तरं लिहू नकोस, एक उत्तर कोर्सच्या पानावर टाक. मेलच्या विषयाच्या जागी काय लिहायचं ते पण तिथेच देऊन ठेव, कोर्स, ट्युटोरियल ग्रुप, असाइनमेंट, प्रश्न, म्हणजे `STAT101 T2 A1 Q3` असं, नाहीतर "डाउट" या एकाच नावाचे चाळीस मेल येतात आणि त्यात शोधायला बस मग. पहिल्या ऑफिस अवर्सला कोणी आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, बहुतेक वेळा रिकामाच जातो आणि पहिल्या डेडलाइनच्या आठवड्यात दारात गर्दी होते. फक्त रिकामा गेला म्हणून तिथून उठून जाऊ नकोस, एखादं मूल शेवटच्या दहा मिनिटांत धीर करून येतं आणि त्याला कुलूप दिसलं की ते पुन्हा येत नाही.

आणि हो, पाच मिनिटं झाली की माईक सरांना दे आणि पुढे कडेच्या खुर्चीवर बस, लेक्चर संपल्यावर लगेच निघू नकोस. दाराजवळ दहा मिनिटं रेंगाळ. माईकसमोर ज्यांनी हात वर केला नाही ते तिथे येतात, आणि पहिल्याचा प्रश्न बहुतेक "मॅम, पुस्तक कुठलं घ्यायचं?" हाच असतो, तेवढं सरांना त्या पंधरा मिनिटांत विचारून ठेव.